१-०-१ म्हणजे किती वाजता?

१-०-१. नाही, हे बायनरी नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या मनात आधी "पाच" असंच येतं, पण हा आपल्याकडच्या डॉक्टरांचा जुना सुटसुटीत कोड आहे. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. कोणी शोधून काढला माहीत नाही, पण ज्याने काढला त्याला माझा सलाम. तीन आकड्यांत, कुठल्याही भाषेशिवाय, दिवसभराचं काम सांगून मोकळा.

फक्त त्यात वेळ नाही. "सकाळी" ही एक मोठी, ऐसपैस जागा आहे. साडेपाचला उठल्यापासून साडेनवाच्या पोह्यांपर्यंत सगळी सकाळच. त्यात चहा आहे, अंघोळ आहे, पूजा आहे, दुसरा चहा आहे. डॉक्टर "सकाळ" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक सकाळ असते आणि घरात प्रत्यक्षात घडते ती वेगळीच. या दोन सकाळींमध्ये काय काय होऊ शकतं हे मला गेल्या दोन-तीन महिन्यांत बघायला मिळालं, म्हणून हे लिहितोय.

माझी आत्या सांगलीला असते. वय ७४. थायरॉइड, डायबेटिस, बीपी, आणि गुडघे तर काय, असतातच. आतेभाऊ मस्कतला. घरी आत्याबरोबर चोवीस तास एक मावशी असतात. अतिशय हुशार आणि काटेकोर बाई. मराठी उत्तम वाचतात. इंग्रजी वाचत नाहीत, पण इंग्रजी आकडे येतात. औषधपाण्याचं सगळं त्यांच्याकडे आणि त्यांचा फोन माझ्याकडे, कारण मी पुण्यात, म्हणजे त्यातल्या त्यात जवळ.

तर झालं असं, की आत्याचा टीएसएच चारच्या आसपास असायचा तो एकदम नऊच्या वर गेला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खाली आला नाही तर थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवू. त्याच सुमारास आत्याला रोज सकाळी साडेआठच्या सुमारास हात थरथरणं, घाम येणं असं सुरू झालं. घरात निदान झालं: वय! एकदा मावशींनी त्याच वेळी मशीनवर साखर बघितली तर ६४. सत्तरच्या खाली म्हणजे साखर कमी झालेली. हे काही वय नव्हे.

मी मावशींना फोनवर विचारलं, "सकाळच्या गोळ्या कशा देता?"

"सकाळची पुडी करून ठेवते ना दादा रात्रीच. सहाला चहाबरोबर सगळ्या एकदम. म्हणजे विसरायला नको."

पुडीत काय काय? थायरॉइडची, साखरेच्या दोन, बीपीची आणि कॅल्शियम. कॅल्शियम खरं तर दुपारचं, पण आत्या दुपारी जेवून लगेच आडवी होते, म्हणून तेही सकाळी आणलेलं. मावशींच्या बाजूने बघितलं तर यात काहीच चूक नव्हती. चिठ्ठीवर १-०-० आहे, सकाळी दिली. कोणी त्यांना चिठ्ठीचं भाषांतर करूनच दिलं नव्हतं.

मी म्हटलं, चिठ्ठीचा फोटो पाठवा, मी वेळापत्रक करतो.

पहिला फोटो आला तो ट्यूबलाइटखाली, तिरका, आणि उजवी कडा कापलेली. ही उजवी कडा फार महत्त्वाची. डॉक्टर डावीकडून लिहायला लागतात आणि "किती दिवस", "आठवड्यातून एकदा" असल्या गोष्टी शेवटी, जागा संपता संपता, कडेला वाकवून लिहितात. या फोटोत व्हिटॅमिन डीच्या कॅप्सूलपुढे नुसता "1" दिसत होता. पुढचं कापलेलं. ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्याला एक घ्यायची असते. ती कोणी रोज एक दिली तर काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा, आणि मग किडनीवर येतं. म्हणून मी पुन्हा फोटो मागवला: कागद टेबलावर सपाट, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा, मागची बाजूही, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक केला जातो आणि त्यात पहिला बळी दशांशचिन्हाचा जातो.

दुसऱ्या फोटोवरून मी जसंच्या तसं उतरवून काढलं. या पायरीला अर्थ लावायचा नाही, फक्त उतरवायचं. जिथे शंका तिथे प्रश्नचिन्ह.

```
T. Thyroxine 50 m?g        1-0-0  empty stomach
T. Glimepiride [1|2]? mg   1-0-0  AC
T. Metformin 500 mg        1-0-1  PC
T. Telmisartan 40 mg       1-0-0
T. Calcium 500 + D3        0-1-0  PC
T. Atorvastatin 10 mg      0-0-1  HS
Cap. D3 60,000 IU          1/wk x 8
T. Paracetamol 650 mg      SOS
```

यातला एसी म्हणजे वातानुकूलन नव्हे, जेवणाआधी. पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, जेवणानंतर. एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. सगळं लॅटिन. (२०१६ मध्ये वैद्यक परिषदेने नियमात दुरुस्ती करून औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असं सांगितलं होतं. आमच्या डॉक्टरांनी नावं जेनेरिक लिहिली होती. पन्नास टक्के मार्क द्यायला हरकत नाही.)

आता दोन प्रश्नचिन्हं. पहिलं आपलं आपण सुटतं. थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्येच येतं, ५० मिलिग्रॅमची गोळी अस्तित्वातच नाही. म्हणजे ते "mcg" आहे, मधलं अक्षर कितीही गिचमिड असो. दुसरं मात्र असं सुटत नाही. ग्लिमेपिराइड १ चीही गोळी मिळते आणि २ चीही. डॉक्टरांचा एक वरून आकडा काढून खाली शेपटी ओढलेला, त्यामुळे तो दोनही असू शकतो. दोन्ही उत्तरं शक्य असतील तर डोकं चालवून उपयोग नसतो, विचारावंच लागतं.

इथे बहुतेक जण म्हणतील, अहो पाकीट बघा की! बघितलं. पाकिटावर २ होतं. पण पाकीट हा पुरावा नाही. डॉक्टरांनी काय लिहिलं ते पाकीट सांगत नाही, दुकानदाराने काय वाचलं ते सांगतं, आणि त्याने तोच शेपटीवाला आकडा वाचला होता. म्हणजे एकाच लॉगच्या दोन कॉप्या एकमेकींशी जुळवून "व्वा, जुळतंय" म्हणण्यासारखं. पाकीट आणि बिल दुसऱ्या कामाला येतात. बिलावर मेटफॉर्मिन ६०, थायरॉक्सिन १०० ची बाटली, बाकीच्या गोळ्या ३०-३०, आणि व्हिटॅमिन डी ८. महिन्याला साठ म्हणजे रोज दोन, जुळलं. आठ कॅप्सूल म्हणजे आठ आठवडे, तेही जुळलं. माझं वाचन आणि दुकानदाराचं वाचन वेगळं असतं तर इथे लगेच कळलं असतं. चेकसमसारखा हा उपयोग. पण दोघांनीही एकच चुकीचं वाचलं असेल तर चेकसम पासच होणार.

म्हणून डॉक्टरांना फोन. हा फोन एकदाच करायचा आणि सगळे प्रश्न लिहून करायचा, कारण दवाखान्यात चाळीस माणसं बसलेली असतात. मी कंपाउंडरला विचारून दुपारी दीडला केला. पहिला प्रश्न अर्थातच ग्लिमेपिराइडचा. डॉक्टर क्षणभर थांबले, म्हणाले, "एक. १ मिलिग्रॅम. दोन देताहेत का?" मग त्यांना मी पुडीचं सांगितलं, साडेआठच्या थरथरीचं आणि ६४ चं सांगितलं. थायरॉइडच्या गोळीबद्दल ते म्हणाले, ५० च राहू द्या, नीट पोटी सहा आठवडे द्या, मग टीएसएच करू, डोसचा विचार त्यानंतर.

म्हणजे पुडीत दोन घोटाळे होते आणि दोन्ही वेळेचे. थायरॉक्सिन दुधाच्या चहाबरोबर आणि कॅल्शियमबरोबर घेतलं की ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. कॅल्शियमपासून ते निदान चार तास लांब हवं. गोळी पोटात जात होती पण रक्तात पुरती पोचत नव्हती, आणि रिपोर्टवर ते "डोस कमी पडतोय" असं दिसत होतं. दुसरीकडे ग्लिमेपिराइड ही स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी. ती सहाला, वर खाणं म्हणजे एक कप चहा आणि दोन मारी बिस्किटं, आणि खरा नाश्ता सव्वानऊला. मधले तीन तास इन्शुलिन आहे आणि जेवण नाही. त्यात गोळी दुप्पट ताकदीची. साडेआठला हात थरथरले नसते तरच नवल.

मग मावशींकडून आत्याचा दिवस लिहून घेतला. आदर्श दिवस नाही, खरा दिवस. इथे एक गोष्ट कळली ती कुठल्याच चिठ्ठीत नसते. आत्याच्या हिशेबात चहा हे खाणं नाही. "अनशापोटी घेतेस का?" विचारलं की ती अगदी प्रामाणिकपणे हो म्हणते, कारण चहाच तर घेतलाय! आपल्याकडच्या निम्म्या घरांत ही व्याख्या आहे. त्यामुळे कागदावर "उपाशीपोटी" असं लिहून भागत नाही. "फक्त पाणी. चहाही नाही" असं लिहावं लागतं.

पहिली गोळी उठल्याबरोबर आणि चहा निदान पाऊण तासाने, असं ठरवल्यावर आत्याने बंड केलं. पन्नास वर्षांचा सहाचा चहा, तो असा कसा हलवायचा? तोडगा मावशींनी काढला. म्हणाल्या, "आधी अंघोळ-पूजा उरकून घेऊ या ना, मग चहा." वेळ तीच, नुसता क्रम बदलला. साडेपाचला गोळी, अंघोळ आणि पूजेत पाऊण तास सहज जातो. घड्याळ लावून थांबायची गरज नाही, देवच टायमर. :-)

ग्लिमेपिराइडचं मी घड्याळाला बांधायचं साफ टाळलं. "सव्वानऊ" लिहिलं की एखाद्या दिवशी गॅस संपतो, पाहुणे येतात, नाश्ता दहाला होतो आणि गोळी सव्वानऊलाच दिली जाते. म्हणून नियम असा: पोह्यांची बशी आत्याच्या समोर आली की गोळी, आणि मग लगेच खायला सुरुवात. डॉक्टरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर, जेवणाआधी म्हणजे लगेच आधी, अर्धा तास नव्हे. मेटफॉर्मिन खाल्ल्यानंतर, म्हणजे पोट बिघडत नाही. टेल्मिसार्टनला खाण्याचं काही बंधन नाही, मग ती मेटफॉर्मिनबरोबरच. एटोरव्हास्टॅटिन झोपताना लिहिली होती, पण आत्या कधी साडेनऊला झोपते तर कधी मालिका संपल्यावर, म्हणून विचारलं: रात्रीच्या जेवणानंतरच्या गोळीबरोबर चालेल का? चालेल म्हणाले. एक थांबा कमी झाला. एसटीसारखंच आहे, जितके थांबे कमी तितकी गाडी वेळेवर. कॅल्शियम दुपारी जेवता जेवताच, शेवटच्या भाताबरोबर. म्हणजे आडवं होण्याआधी घेतलं जातं, आणि जेवणाबरोबर ते जास्त चांगलं शोषलंही जातं.

मग आला गुरुवार. गुरुवारी आत्याचा उपास, संध्याकाळी सोडते. चिठ्ठीला वार माहीत नसतात, पण गोळीला जेवण लागतं. हे मी डॉक्टरांना त्याच फोनमध्ये विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, उपास करू नका असं मी वीस वर्षं सांगतोय, पण खायचं नसेल तर ग्लिमेपिराइड द्यायची नाही. आत्याशी वाटाघाटी होऊन सकाळी भगर आणि दाण्याची आमटी खायचं ठरलं. भगर खाल्ली तर तो नाश्ताच, गोळी नेहमीसारखी. नाही खाल्ली, किंवा उलट्या होताहेत, ताप आहे, तोंडात घास जात नाही, तर गोळी नाही, आणि मला किंवा दवाखान्यात फोन.

मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर जे तयार झालं ते हे:

उठल्याबरोबर (साधारण ५:३०): नंबर १, एक गोळी. फक्त पाणी. चहाही नाही. चहा पूजा झाल्यावर.

नाश्त्याची बशी समोर आल्यावर: नंबर २, एक गोळी. लगेच खायला सुरुवात. खाणं नाही तर नंबर २ नाही.

नाश्ता संपल्यावर: नंबर ३ एक, नंबर ४ एक.

दुपारच्या जेवणात, भाताबरोबर: नंबर ५, एक गोळी. फक्त रविवारी नंबर ७ पण, एक कॅप्सूल.

रात्री जेवण संपल्यावर: नंबर ३ एक, नंबर ६ एक.

नंबर ८, दुखण्याची गोळी, मुद्दाम वेळापत्रकात घातली नाही. तिच्यासाठी खाली वेगळी चौकट: रोज द्यायची नाही, दुखलं तरच. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त तीन (हे आकडे डॉक्टरांनी आत्यासाठी दिले). दिल्यावर वेळ लिहायची. सर्दीची गोळी दुकानातून आणायची तर आधी विचारायचं, कारण तिच्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं.

नंबर का, नावं का नाहीत? मावशींना इंग्रजी नावं वाचायला लागू नयेत म्हणून प्रत्येक पाकिटावर आणि बाटलीवर तोच नंबर स्केचपेनने लिहून चिकटवला. गोळीचा रंग लिहायचा मोह झाला होता, "ती पिवळी", "ती लांबट पांढरी" असा. पण पुढच्या महिन्यात दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो आणि पिवळी गुलाबी होते. त्यामुळे नवीन पाकीट आलं की नंबर लावण्याआधी फोटो माझ्याकडे, आणि मी ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरातली औषधाची ओळ आणि मिलिग्रॅम जुळवतो. साखरेच्या गोळ्यांत हे फारच जरूर आहे, कारण ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत एकत्र मिळतात. नावापुढे एखादं अक्षर वाढलेलं असतं, एवढाच फरक. ती आली आणि शिवाय नंबर ३ ही दिली की मेटफॉर्मिन दुप्पट. आणि पाकिटातून गोळी काढताना नाव आणि तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत राखायचं, उलट्या बाजूने सुरुवात करायची.

रविवारच्या कॅप्सूलसाठी आठ रविवारांच्या तारखाच छापल्या, आठ रिकाम्या चौकोनांसकट. आठवा चौकोन भरला की संपलं. "दर रविवारी" एवढंच लिहिलं असतं तर ती वर्षभर चालू राहिली असती.

पानाच्या मागे दोनच गोष्टी. राहून गेली तर: पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. आणि साखर कमी झाली तर: घाम, थरथर, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ, असं दिसलं की मशीनवर बघायचं, सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी परत बघायचं. मशीन सापडत नसेल तर आधी साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८.

खूण कधी करायची यावर मावशींचा आणि माझा थोडा वाद झाला. त्या गोळी हातात दिली की खूण करायच्या. पण आत्या कधी कधी गोळी वाटीत ठेवते, "घेते ग नंतर" म्हणते. शेवटी ठरलं, गिळल्यावर खूण. त्यानंतर तीन दिवस रोज रात्री खुणांचा फोटो मागवला. दुसऱ्याच दिवशी दुपारची जागा रिकामी. त्या दिवशी आत्याने भात खाल्लाच नव्हता, नुसती भाकरी! "भाताबरोबर" खोडून "जेवणात" केलं.

साडेआठची थरथर त्याच आठवड्यात थांबली. सहा आठवड्यांनी टीएसएच ४.६ आला, गोळी ५० चीच राहिली. बीपीची मात्र डॉक्टरांनी बदलली, म्हणजे नवीन कागद आला. वर "दुसरी प्रत" आणि चिठ्ठीची तारीख घातली. मावशींना सांगितलं, जुना फाडून टाका आणि फाडलेल्याचा फोटो पाठवा. त्यांनी पाठवला. फ्रिजवर नवीन कागद, बाजूला केराच्या डब्यात जुना, आणि त्या नव्या कागदावर पेन्सिलीने एक ओळ त्यांनी स्वतः घातली होती: "गुरुवार – भगर खाल्ली का?" त्यापुढे चौकोनही काढला होता. तिसऱ्या प्रतीत ती ओळ छापून घेणार आहे.